एकादशीचं छापील कार्ड

आमच्या घरी उपवासाला दाणे भाजत नाहीत. डोंबिवलीला नातीकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच एकादशीला तिने कढई चढवली, दाण्यांचा खमंग वास सुटला आणि मी माजघरातून ओरडले, "अगं, उतरव ती कढई आधी!" बिचारीच्या हातातला झारा खाली पडला. "आजी, दाणे उपवासाला चालतात ना?" म्हणाली.

चालतात. तेच तर दुखणं आहे. चालतात म्हणूनच त्यांची कोणी चौकशी करत नाही.

त्या दिवशी मी तिला काही सांगितलं नाही. तोंड फिरवून बसले. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात म्हातारपण, म्हणून तिने सोडून दिलं. पण सांगायला हवं होतं, म्हणून आता लिहायला बसले आहे.

माझं माहेर ठाण्याचं. लग्न होऊन मी कल्याणला आले ती खाणावळीतच. स्टेशनाबाहेर, रस्ता बाजाराकडे वळतो तिथे आमची ब्राह्मणी खाणावळ होती. सासरे मी येण्याआधीच गेलेले. सासूबाई सोवळ्यातल्या, लाल आलवण नेसून चुलीपुढे बसायच्या, आणि बाहेरचं सगळं आमचे हे बघायचे. ह्यांना इंग्रजी येत असे. मॅट्रिकच्या वर्गापर्यंत मजल गेली होती आणि पुढे काही जमलं नव्हतं, त्यामुळे ते इंग्रजी खर्ची घालायला जागा मिळत नसे. गिऱ्हाईक दिसलं की आमची स्वारी आधी इंग्रजीत सुरू व्हायची. समोरचा हातात लोटा घेतलेला वाणी असला तरी.

कल्याणला आगगाडीच्या वाटा फुटतात. एक नाशकाकडे, एक पुण्याकडे. त्यामुळे मुलखामुलखातली माणसं तिथे उतरायची आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत बसायची. इतर दिवशी काही अडत नव्हतं. वरण-भात, भाजी-पोळी, कोणी वाकडं तोंड करून खाई, कोणी मिटक्या मारत. भांडणं व्हायची ती एकादशीला. त्या दिवशी आमच्या चुलीवर धान्याचा कण चढत नसे. बाहेरून आलेल्या माणसाला हे कळायचं कसं? एकदा एका पंजाब्याने रोटी मागितली आणि ह्यांनी पुढ्यात रताळ्याचा कीस ठेवला. तो म्हणाला, हे काय, मला ताप आलाय का? एका बंगाली बाबूने आम्हालाच धर्म शिकवला. एकादशीला भात चालत नाही, पण गव्हाची पुरी चालते म्हणे. एक मद्रासी भटजी म्हणाले, रव्याचा उपमा करा की, आमच्याकडे तोच फराळ. सासूबाई आतून म्हणाल्या, "गहू चालतो? मग मेल्यांनो उपवास तरी कशाला करता?" त्या बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानेच बोलायच्या.

स्टेशनात साहेब लोकांच्या जेवणाची वेगळी खोली होती. तिथे टेबलावर छापील कार्ड ठेवतात, हे ह्यांनी कुठून तरी बघितलं. झालं. घरी येऊन हे म्हणाले, "आई, आपणही कार्ड छापायचं. एकादशीचं. काय चालतं, काय चालत नाही, आणि आपल्या पदार्थांत काय काय घातलेलं असतं, सगळं इंग्रजीत आणि मराठीत. एकदा पुढ्यात ठेवलं की कटकट नाही."

मजकूर तयार झाला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. हे उंबऱ्याबाहेर बोरू घेऊन, सासूबाई आत, मी दोघांच्या मधे खोबरं खवत. किती वाद! हिंग वर्ज्य, हळद वर्ज्य, मोहरी वर्ज्य, हे लगेच ठरलं. कोथिंबिरीवरून अडलं. सासूबाईंच्या माहेरी चालत नव्हती, सासरी चालत होती. शेवटी सासर जिंकलं. साबुदाणा तेव्हा आजाऱ्याचं खाणं. मुंबईच्या दुकानातून यायचा आणि तो कशाचा करतात ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं, म्हणून सासूबाईंनी तो कार्डावर येऊच दिला नाही. मिठावरून तर हातघाईवर यायची वेळ आली. ह्यांचं म्हणणं शेंदेलोणच लिहावं, परप्रांतीयांना ते पसंत पडतं. सासूबाई म्हणाल्या, "खाडीकाठी राहून पंजाबातलं मीठ खायचं? आपण वापरतो ते आपल्या मिठागराचं. तेच लिही. खोटं छापायचं नाही."

खोटं छापायचं नाही. हे त्यांचं वाक्य मी कधी विसरले नाही.

तर असा एकेक पदार्थ ठरत गेला. या दिवशी धान्य, डाळ, कडधान्य, पीठ, तेल, कांदा, लसूण वर्ज्य आहे. रताळ्याचा कीस: रताळी, तूप, जिरे, मिरची, खोबरे, कोथिंबीर, मीठ. वरीचे तांदूळ: वरी, तूप, जिरे, मीठ. शिंगाड्याची लापशी: शिंगाड्याचे पीठ, दूध, गूळ. तेवढ्यात हेच म्हणाले, वर तर पीठ वर्ज्य लिहिलंय. मग त्याखाली एक ओळ आली, की शिंगाडा हे धान्य नसून पाण्यातलं फळ आहे. हे आपल्या त्या ओळीवर इतके खूश झाले की मला दोनदा वाचून दाखवली.

आणि हे सगळं चाललं असताना चुलीच्या उजव्या हाताला पितळेचा डबा होता. त्यात दाण्याचं कूट. सासूबाईंच्या कुटाचा कल्याणात लौकिक होता. दाणे मंद भाजायचे, पाखडून साल काढायचं, खलात कुटायचं आणि वर चाळायचं. कणी दाताखाली येता कामा नये. कीस आणि वरी, दोन्हींत ते मूठमूठ पडायचं. बघावं लागत नव्हतं. हात आपोआप त्या डब्यात जायचा आणि आपोआप कढईवर यायचा. मजकूर सांगतानाही गेला असेल. मी तिथेच बसले होते, मलाही दिसलं नाही. कूट म्हणजे घातलेला जिन्नस, असं आमच्या मनातच नव्हतं. उपवासाच्या पदार्थाला कूट असायचंच. चुलीला जाळ असतो हे काय कोणी लिहून ठेवतं?

कार्डं ठाण्याच्या छापखान्यातून आली. जाड कागद, भोवती वेलबुट्टी. त्या एकादशीला प्रत्येक पाटासमोर एकेक मांडलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी एक हातात घेऊन लांब धरून बघितलं आणि म्हणाल्या, "बरं दिसतंय."

त्यानंतरच्या कुठल्याशा एकादशीला मद्रासकडचं ते जोडपं आलं. काशी करून, नाशकाला रामाचं दर्शन घेऊन उतरले होते आणि पुण्याच्या गाडीने पुढे आपल्या मुलखाला जाणार होते. गृहस्थ उंच, पण वाटेत तापाने खंगलेले. बाई माझ्याहून थोडी मोठी असेल. नाकात दोन्हीकडे चमक्या, वेणीत सुकत आलेली फुलं, काखेत गंगेचा तांब्या. तो तांब्या तिने खाली ठेवला नाही. तिला मी आत माजघरात बसवलं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. आम्ही एकमेकींच्या बांगड्या बघून हसलो.

गृहस्थ एकादशीला पाणीसुद्धा घेत नसत. ते मागाहून कळलं. त्या दिवशी बायकोने हट्ट धरला होता की काहीतरी पोटात घाला, नाहीतर घरापर्यंत पोचणार नाही. एवढं मात्र भाषा न कळताही मला दिसत होतं. ती दारातून हातवारे करत होती आणि ते मान हलवत होते. मग एकदाचे पाटावर बसले. खिडकीपाशी.

त्यांनी कार्ड उचललं आणि वाचलं. मनात नाही, हळू पण स्पष्ट, बायकोला ऐकू जावं म्हणून. "स्वीट पोटॅटो. घी. क्युमिन. चिली. कोकोनट. कोरिएंडर. सॉल्ट." एकेक शब्द म्हणून थांबायचे आणि तिला तिच्या भाषेत सांगायचे. मला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण ते शब्द मला तेव्हापासून पाठ आहेत. शेवटाला आले, कार्ड उलटून मागे बघितलं आणि ह्यांना विचारलं, एवढंच ना? ह्यांना काय, इंग्रजी बोलायची संधी! छाती काढून म्हणाले, "दॅट इज ऑल."

तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. बायकोकडे बघून हसले. ती पण हसली. मग जेवायला लागले.

पुढचं फार भराभर झालं. आधी ते ओठ चोळायला लागले. मग गळा. ह्यांना वाटलं ठसका लागला, पाण्याचं भांडं पुढे केलं. तोंड सुजत चाललं होतं, डोळे बारीक झाले, श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज यायला लागला. बाई तीरासारखी धावली. तिने त्यांना धरलं, गंगेच्या तांब्याचं झाळण फोडून पाणी तोंडात घातलं, ते बाहेर आलं. आणि मग तिने एक केलं, ते मी कधी विसरणार नाही. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ती एका हाताने पानावरचा कीस चिवडायला लागली. बोटांनी उचलायची, डोळ्यांजवळ न्यायची, टाकायची. परत उचलायची. काहीतरी शोधत होती. आम्हाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पानावर कीस होता. त्यात तिला काही सापडलं नाही. आमच्या कुटात कणी राहत नसेच.

रेल्वेचा डॉक्टर आला तोवर सगळं संपलं होतं. तापाने हृदय दुबळं झालं होतं, बंद पडलं, असं त्याने सांगितलं. खाडीकाठी दहन झालं. तार करून तिच्या दिरांना बोलावलं, ते आले आणि तिला घेऊन गेले. जाताना तिच्या अंगावर ते तिच्याच भाषेत ओरडत होते. ती खाली बघून चालत होती. बाजारात कोणी म्हणालं, एकादशीला माणसाला बळेच खायला लावलं, देव बघतो. हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी भर रस्त्यात त्या माणसाला म्हटलं, "देवाला दुसरी कामं नाहीत का हो?" ह्यांनी मला हात धरून घरी आणलं.

पण रागावणं सोपं असतं. जेवणघरात जाणं अवघड झालं. पुढच्या एकादशीपासून मला दुपारी तो आवाज यायला लागला. पंगत उठलेली, शेण फिरवून जमीन ओली, खिडकीतून ऊन आलेलं, आणि कोणीतरी हळू, स्पष्ट वाचतंय. स्वीट पोटॅटो. घी. क्युमिन. चिली. कोकोनट. कोरिएंडर. सॉल्ट. सगळं म्हणून झालं की थांबायचं. संपल्यासारखं नाही. पुढचं कोणी सांगेल म्हणून वाट बघत थांबतात तसं. मी भीतीने ह्यांना काही बोलले नाही. एकदा धीर करून सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला काही ऐकू येतं का?" त्या तूप कढवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐकू नाही येत. वास येतो. त्याच्या गंगेचा." मग खिडकीजवळचा तो पाट त्यांनी उचलून आत फळीवर ठेवला. तिथे नंतर कोणालाही बसवलं नाही. गाडीच्या वेळेला माणसं उभी राहिली तरी नाही.

कार्डं मात्र तीच चालू होती. बदलायला कारणच काय होतं?

बराच काळ लोटला. पुन्हा एकादशीच होती, दुपारची गाडी नुकतीच गेली होती. दारात एक तरुण गृहस्थ, डोक्याला मद्रासी फेटा, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या लुगड्यातली एक बाई, पदर कपाळापर्यंत. मी तिला ओळखलं नाही. तिने खिडकीकडे बघितलं आणि पाट नाही हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा ओळखलं. केस गेलेले. नाकातल्या चमक्या गेलेल्या. फक्त भोकं राहिली होती.

गृहस्थ तिचा भाऊ. ह्यांच्याशी इंग्रजीत बोलत होता, मधेच तोडक्या हिंदुस्थानीत, म्हणून मलाही कळत होतं. नोकरीत त्याची बदली पुण्याला झाली होती. शेजारच्या घरी एकादशीला फराळाला बोलावलं. बटाट्याची भाजी खाताना दाताखाली दाण्याचा तुकडा आला. त्याने विचारलं, हे काय? शेजारी हसले. उपवासाच्या भाजीत कूट नाही घालायचं तर काय घालायचं, म्हणाले. त्याचा घास हातातच राहिला. कारण मेव्हण्यांना भुईमुगाचा दाणा लहानपणापासून विष. एकदा पोरवयात चुकून एक खाल्ला होता आणि जिवावर बेतलं होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घरात तर दाणा यायचाच नाही.

"माझी बहीण म्हणते, त्या दिवशी तिला तेच वाटलं होतं. पण पानात दाणा नव्हता. आणि तुमच्या कार्डावरही नव्हता. त्यांनी तिला एकेक नाव वाचून दाखवलं होतं. म्हणून मग घरचे म्हणतात तेच खरं असं तिने धरलं. तिने एकादशी मोडायला लावली, म्हणून नवरा गेला. तेव्हापासून ती एक वेळ खाते, तेही कधी टाकून देते. मला फक्त एवढं सांगा. त्या दिवशी त्यात दाणे होते का?"

ह्यांनी कार्ड उचललं. एकदा वरून खाली वाचलं, जणू आता तिथे काही निराळं छापलेलं असणार. मग म्हणाले, "यात नाही. बघा तुम्हीच. कार्डावर दाणे नाहीत."

खोटं नव्हतं ते. कार्डावर दाणे नव्हतेच. मी ह्यांच्याकडे बघत राहिले. ह्यांचा कागदासारखा पांढरा पडलेला चेहरा बघून मला कीवही आली आणि चीडही. खाणावळीचं नाव जाईल, पोलीस येतील, लोक थुंकतील, हे सगळं त्यांच्या डोक्यात चाललं होतं. माझ्याही चाललं होतं, उगाच शहाणपणा कशाला सांगू? पण त्यांचं ते "दॅट इज ऑल" माझ्या कानात घण घातल्यासारखं वाजत होतं.

भाऊ मान खाली घालून उठला. बहिणीला काहीतरी म्हणाला. ती ऐकून हलली नाही. तिचा चेहरा मी बघितला. दार लावून घेतल्यासारखा झाला होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर आल्या. परक्या पुरुषासमोर त्या कधी आल्या नव्हत्या, केशवपन झाल्यापासून तर नाहीच. हातात पितळेचा डबा. ह्यांच्या अंगावरून सरळ पुढे गेल्या, त्या बाईसमोर बसल्या, डब्याचं झाकण काढलं आणि तिचा हात धरून मनगटापर्यंत कुटात घातला.

"आई!" हे म्हणाले.

"तू गप्प बस."

बाईने हात बाहेर काढला. बोटं नाकाजवळ नेली. त्या दिवशी जसा कीस बघत होती तसं बोटांना लागलेलं कूट डोळ्यांजवळ धरून बघितलं. मग तिने सासूबाईंकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. भावाने हिंदुस्थानीत सांगितलं, "ती विचारते, मग एकादशी मोडली म्हणून नाही?"

"नाही बाई," सासूबाई म्हणाल्या. "देवाचा यात काही संबंध नाही आणि तुझा त्याहून नाही. मूठभर कूट घातलं होतं. माझ्या या हाताने. लिहायचं सुचलं नाही, कारण आम्हाला ते घातलेलं दिसतच नाही. तुझा नवरा माझ्या हाताने गेला."

मी ते हिंदुस्थानीत सांगितलं. माझं हिंदुस्थानी म्हणजे आनंदच, पण सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं. भावाला सांगावं लागलं नाही.

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर सासूबाईंच्या थोबाडीत मारेल. मारलं असतं तर मी मधे पडले नसते. तिने सासूबाईंचं मनगट घट्ट धरलं आणि सोडलं नाही. दोघी बोडक्या डोक्याच्या, एक लाल, एक पांढरी. मग ती एकदम काहीतरी बोलली. भाऊ चमकला, पण सांगेना. मी म्हटलं, "अहो, काय म्हणते ती?"

तो रडायला लागला होता. म्हणाला, "म्हणते, मला भूक लागली आहे."

सासूबाई उठल्या. कढई राखेने घासली, पाण्याने धुतली, परत घासली. डबा परसात नेऊन उपडा केला. चुलीशेजारच्या वैलावरचे चमचे, पळ्या, सगळं धुतलं. रताळी नवी काढली, किसणी मी उकळत्या पाण्यातून काढली. त्या बाईला त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवलं, हात पोचेल इतकं जवळ. भाऊ मागे कार्ड घेऊन उभा राहिला. सासूबाईंनी त्याला खुणेने सांगितलं, वाच.

"स्वीट पोटॅटो." कीस कढईत पडला. "घी." पळी. "क्युमिन." चिमूट. तो एकेक म्हणत होता, त्या एकेक तिला दाखवून घालत होत्या. शेवटचं नाव म्हणून तो थांबला. सासूबाईंनी दोन्ही रिकामे तळहात उघडून तिच्यापुढे धरले. "बस्स. एवढंच," म्हणाल्या.

फळीवरचा तो पाट मी काढला आणि खिडकीपाशी ठेवला. ती त्यावर बसली आणि जेवली. एकादशीला, विधवा बाई, भर दुपारी. सासूबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. त्या स्वतः निर्जळी करत. तिने स्वतःच्या पानातला एक घास त्यांच्यापुढे सरकवला आणि त्यांनी तो खाल्ला. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

नवीन कार्ड छापलं ते सासूबाईंच्या सांगण्यावरून. सगळ्यात वर, वेलबुट्टीच्या खाली, पहिलीच ओळ: आमच्या प्रांतात उपवासाच्या बहुतेक पदार्थांत भुईमुगाच्या दाण्यांचे कूट घालतात, विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही, म्हणून अन्यत्र जेवताना अवश्य विचारावे. या घरी ते घालत नाहीत. त्याखाली बाकीचं. शिंगाड्याची ओळ ह्यांनी स्वतःच गाळली. बिनकुटाचा कीस पचपचीत लागतो, गिऱ्हाईकं कुरकुरायची. कुरकुरू देत.

त्यानंतर तो आवाज थांबला, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. नाही थांबला. परवा नातीच्या घरी दाण्यांचा वास सुटला, ती कढई उतरवून बाहेर गेली आणि मी एकटी माजघरात बसले होते, तेव्हा आलाच. स्वीट पोटॅटो. घी. क्युमिन. चिली. कोकोनट. कोरिएंडर. सॉल्ट. सगळं झालं आणि थांबला, तसाच, वाट बघत. आता मी घाबरत नाही. नव्या कार्डावरच्या पहिल्या ओळीतलं दाण्याचं इंग्रजी नाव ह्यांनी मला शिकवलं होतं. मी हळूच म्हणते, "आणि ग्राउंडनट. खाऊ नका."